गुरुजींच्या ऑडिओवरून सत्यनारायणाची यादी: आधी विधी लिहा, सामान नंतर

प्रश्न: येत्या शनिवारी घरी सत्यनारायण आहे. गुरुजींनी व्हॉट्सॲपवर चार ऑडिओ पाठवलेत, सगळे मिळून अकरा-बारा मिनिटांचे. बोलता बोलता मागचं पुढे आणि पुढचं मागे झालंय. यातून सामानाची यादी, काय कशानंतर करायचं आणि किती वाजता, हे कागदावर कसं आणू? चाळीस-पन्नास माणसं येतील. आम्ही पहिल्यांदाच करतोय.

उत्तर:

पूजासाहित्याच्या व्यवसायात असल्यामुळे यजमानांच्या याद्या करून देणं हे माझं रोजचं काम आहे, आणि त्यातल्या बऱ्याच याद्या गुरुजींच्या फोनवरच्या बोलण्यावरूनच तयार होतात. ऑडिओ विस्कळीत वाटतो, पण तसा तो नसतो. गुरुजी बोलताना मनातल्या मनात चौरंग मांडत असतात. चौरंगावर जे ज्या क्रमाने येतं ते ते सांगतात, आणि मध्येच स्वयंपाकघर आठवलं की प्रसादावर जातात. त्यांचा क्रम पूजेचा असतो, तुम्हाला हवा असतो तो बाजाराचा आणि घड्याळाचा. बहुतेक जण ऐकता ऐकता फक्त वस्तूंची नावं टिपतात. मग हातात नुसती नावं उरतात, कोणती वस्तू कशाला ते कळत नाही, आणि काय कमी पडतंय हेही कळत नाही. म्हणून आधी विधी लिहा. सामान विधीतून काढा.

एक गोष्ट आधीच सांगते. सत्यनारायणाची मांडणी गुरुजींगणिक, भागागणिक आणि घराण्यागणिक बदलते. खाली मी जे आकडे देतेय ते हिशेब कसा करायचा हे दाखवायला. तुमच्याकडचा शेवटचा शब्द तुमच्या गुरुजींचा.

पहिलं काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळू नका. चारही ऑडिओ शब्दशः लिहून काढा. "आणि हो", "नाही नाही, तीन घ्या" हेसुद्धा. प्रत्येक वाक्यापुढे कोणत्या ऑडिओत कितव्या मिनिटाला आलं ते लिहा, म्हणजे शंका आली तर पुन्हा तेवढंच ऐकता येतं. आकड्याशी आलात की वेग कमी करून दोनदा ऐका. "पाव" आणि "पाच", "सात" आणि "साठ" फोनवर सारखेच ऐकू येतात. गुरुजी मध्येच मंत्राचा तुकडा म्हणतात, तिथे "इथे मंत्र" एवढं लिहून पुढे जा.

आता एक तुकडा घेऊन दाखवते. साधारण असं बोलणं असतं:

"चौरंगाला चारी बाजूंनी केळीचे खुंट बांधा. विड्याची पानं पंचवीस-तीस आणा, सुपाऱ्याही तेवढ्याच. कलशावर ताम्हण ठेवून बाळकृष्ण बसवू. खारीक, बदाम, हळकुंडं पाच-पाच. नारळ दोन… नाही, तीन घ्या, एक ओटीला. प्रसाद सव्वाच्या मापाने, केळं घालून. तुळस हजार वाहायची असेल तर तसं कळवा. बाकी नेहमीचं पूजेचं. मी साडेनऊला येतो, पण संकल्प साडेदहानंतर, आधी राहुकाळ आहे. आणि हो, पंचामृत मी आल्यावरच कालवायचं."

या एवढ्याशा बोलण्यात चार वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत: वस्तू, कृती, वेळ आणि अट. प्रत्येक वाक्यापुढे यातली एक खूण करा. एकाच वाक्याला दोन खुणा आल्या तर ते तोडून दोन करा. "पंचामृत मी आल्यावरच" यात वस्तू आहे (दूध, दही, तूप, मध, साखर, म्हणजे एका शब्दामागे पाच) आणि वेळही आहे. "हजार तुळस वाहायची असेल तर" ही अट आहे. तिचा निर्णय झाल्याशिवाय ना तुळशीचा आकडा ठरतो, ना आरतीची वेळ. स्वतःला दुरुस्त केलेलं वाक्य असेल तर शेवटचा आकडा धरा. नारळ तीन.

मग पूजेचा क्रम लावा. तुमच्या ऑडिओत तो तुकड्यातुकड्यांनी असेलच. साधारण क्रम असा असतो: आचमन-प्राणायाम, देवाला आणि वडीलधाऱ्यांना नमस्कार, संकल्प, सुपारीवर गणपतीपूजन, कलश, शंख, घंटा आणि दीप यांचं पूजन, नवग्रह आणि अष्टदिक्पाल, मग सत्यनारायणाची मुख्य पूजा, त्यात पंचामृत आणि अभिषेक, गंध-फूल-तुळस, धूप-दीप-नैवेद्य, पुढे कथेचे पाच अध्याय, आरती, मंत्रपुष्प, प्रसाद. काही गुरुजी पुण्याहवाचनही करतात, काही करत नाहीत. ऑडिओत उल्लेख नसेल तर क्रमात घालू नका, विचारायच्या गोष्टींत घाला.

क्रम लागला की प्रत्येक पायरीपुढे तिला लागणारी वस्तू लिहायची, आणि उलट बाजूने प्रत्येक वस्तूला तिची पायरी द्यायची. ज्या वस्तूला पायरी सापडत नाही आणि ज्या पायरीला वस्तू सापडत नाही, तिथे ऑडिओत काहीतरी राहून गेलंय. सगळ्या कामात मला सर्वात जास्त उपयोगी पडलेली ही एकच तपासणी.

सुपाऱ्यांचं पाहा. गणपतीची एक, कलशात टाकायची एक, नवग्रहांच्या नऊ, अष्टदिक्पालांच्या आठ. झाल्या एकोणीस. आता विडे. गुरुजींनी विडे किती ते सांगितलंच नाही, पण खारीक, बदाम, हळकुंडं पाच-पाच म्हणाले. ती विड्यांवर ठेवायची असतात. म्हणजे देवापुढे पाच विडे. वडीलधाऱ्यांना नमस्कार करताना देवघरात ठेवायचा एक आणि दक्षिणेचा एक धरला की सात. एका विड्याला दोन पानं, एक सुपारी, एक नाणं. सात सुपाऱ्या वाढल्या, एकूण सव्वीस. गुरुजींच्या "पंचवीस-तीस" शी हा आकडा जुळतो, म्हणजे आपला क्रम बरोबर लागलाय. तीस आणा.

पानांचा हिशेब वेगळा येतो. सात विड्यांची चौदा आणि कलशात लावायची पाच, म्हणजे एकोणीस. पानं फाटलेली, किडकी निघतात म्हणून गुरुजींनी पंचवीस-तीस सांगितली असतील. पण हे गुरुजी नवग्रह आणि दिक्पालांची प्रत्येक सुपारी तांदळावर न ठेवता पानावर ठेवत असतील, तर आणखी सतरा पानं लागतील. मग आकडा छत्तीसवर जातो आणि तीस पानं पुरणार नाहीत. इथे अंदाज करायचा नाही. प्रश्न म्हणून बाजूला लिहायचं. नाणी आठ: सात विड्यांवर आणि एक कलशात. ती ऑडिओत कुणीच सांगत नाही, हिशेबातूनच बाहेर येतात.

नारळांचं तेच. तीनपैकी एक ओटीचा म्हणाले. पण ओटी म्हटली की खण आणि तांदूळ किंवा गहू आले, आणि ओटी कुणाची, कधी भरायची हेही आलं. ऑडिओत खणाचं नाव नाही. उरलेल्या दोन नारळांची जागाही कळत नाही, कारण कलशावर तर ताम्हण आणि बाळकृष्ण येणार, नारळ नाही. एक देवापुढे असेल, एक गणपतीपुढे असेल. नारळ तीन आणाच, पण ओटीचा प्रश्न लिहून ठेवा.

"बाकी नेहमीचं पूजेचं" हे वाक्य सगळ्यात महागात पडतं. गुरुजींच्या दृष्टीने ते प्रत्येक घरात असतं. तुम्ही पहिल्यांदा करताय, तेव्हा ते उलगडून लिहा. हळद, कुंकू, अष्टगंध, अक्षता, कापूर, उदबत्ती, तेलाच्या आणि तुपाच्या वाती, काडेपेटी, जानवं, कापसाची वस्त्रं, गूळ-खोबरं, फुलं, हार, दूर्वा, आंब्याचा डहाळा. आणि भांडी: समई, निरांजन, पळी-पंचपात्र, दोन ताम्हणं (एक कलशावर, एक अभिषेकाला), तांब्या, घंटा, शंख, पंचामृताच्या वाट्या, हात पुसायला स्वच्छ कापड. ही भांडी "घरात आहेत का" अशा वेगळ्या कागदावर घ्या, बाजाराच्या यादीत मिसळू नका. शंख बऱ्याच घरांत नसतो. तो नसेल तर गुरुजींना आधी सांगितलं की ते स्वतःचा घेऊन येतात.

आता प्रसाद. "सव्वाच्या मापाने" म्हणजे रवा, साखर आणि तूप प्रत्येकी सव्वा, पण सव्वा काय, ते गुरुजी सांगत नाहीत. कारण ते प्रमाण आहे, वजन तुम्ही माणसांवरून ठरवायचं. सव्वा किलोचा प्रसाद शंभराच्या आसपास माणसांना पुरतो. तुमच्याकडे पन्नास, तर अर्ध्या किलोचं सव्वापट घ्या, म्हणजे रवा, साखर, तूप प्रत्येकी सव्वासहाशे ग्रॅम, म्हणजे 625. दूध रव्याच्या मापाच्या दुप्पट, म्हणजे दीड ते पावणेदोन लिटर. काही गुरुजी दूधही सव्वातच हवं म्हणतात. तसं असेल तर सव्वा लिटर दूध घालून पुढे लागेल तसं गरम पाणी. केळी चार-पाच. याचा साडेतीन किलोच्या आसपास शिरा होतो, माणशी सत्तर ग्रॅम तरी येतो. तूप कमी करायची घरात टूम निघते, तेव्हा माप मोडायचं की नाही ते गुरुजींनाच विचारलेलं बरं.

वेळा लावताना पुढून मागे नाही, मागून पुढेही नाही, तर न हलणाऱ्या वेळेपासून दोन्हीकडे जायचं. तुमची न हलणारी वेळ संकल्पाची आहे. पण तिच्यात एक गोम आहे. शनिवारचा राहुकाळ नऊ ते साडेदहा असं कॅलेंडरांत छापलेलं असतं. ते सहाला सूर्योदय आणि सहाला सूर्यास्त धरून. खरा राहुकाळ म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे आठ सारखे भाग करून शनिवारी त्यातला तिसरा भाग. जानेवारीच्या मध्यावर मुंबईत सूर्योदय सव्वासातच्या सुमारास आणि सूर्यास्त सहा-वीसच्या आसपास असतो. तेव्हा हा तिसरा भाग दहाच्या सुमारास सुरू होऊन जवळपास साडेअकराला संपतो. म्हणजे साडेदहाचा संकल्प राहुकाळातच येतो. नागपूरला सूर्योदय मुंबईपेक्षा वीस-पंचवीस मिनिटं आधी, तिथे वेळ आणखी वेगळी. गुरुजींनी साडेदहा छापील कोष्टकावरून सांगितलं की तुमच्या गावचं पंचांग पाहून, हे एकदा विचारून घ्या. वेळ सरकली तर खालचं सगळं तेवढंच सरकेल, बाकी काही बदलत नाही.

साडेदहा पक्की धरली तर दिवस असा बसतो:

8:00 – चौरंग, खुंट, रांगोळी. भांडी धुऊन पुसून तयार
9:15 – फुलं, पानं, सुपाऱ्या वेगवेगळ्या ताटांत
9:30 – गुरुजी येतात, मांडणी करतात, पंचामृत कालवणं
10:20 – यजमान सोवळं किंवा धूतवस्त्र नेसून पाटाशी
10:35 – संकल्प, गणपती, कलश, नवग्रह, दिक्पाल
11:10 – मुख्य पूजा
11:45 – प्रसाद तयार, देवाजवळ आणलेला
11:50 – नैवेद्य
12:00 – कथा
12:40 – आरती, मंत्रपुष्प
12:55 – प्रसाद, जेवणं

मधली मिनिटं गुरुजींच्या गतीवर आहेत. कथा कुणी पंचवीस मिनिटांत संपवतं, कुणी प्रत्येक अध्यायाचा अर्थ सांगत पाऊण तास घेतं. "कथेला साधारण किती वेळ?" एवढं विचारलं की बाकीचं बसवता येतं. पाहुण्यांना कथेची वेळ सांगा, संकल्पाची नाही. लोक येतात ते कथा-आरतीलाच.

हजार तुळस वाहायची ठरली तर मुख्य पूजा अर्धा ते पाऊण तास लांबते, कारण विष्णुसहस्रनामातल्या एकेका नावाला एकेक पान वाहायचं असतं. म्हणजे आरती दीडच्या सुमारास, जेवणं दोनला. लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर हे आधी ठरवा. बहुतेक घरी 108 वाहतात. हजार करायची असेल तर पानं शुक्रवारी दिवसाउजेडी खुडून ठेवा, सूर्यास्तानंतर तुळस तोडत नाहीत. हजार पानं मोजून निवडायला दोन माणसं तासभर बसवावी लागतात. ती ओळ शुक्रवारच्या कामांत येते, शनिवारच्या नाही.

वेळापत्रकात आणखी एक रकाना ठेवा: काम कुणाचं. यजमान नवरा-बायको साडेदहाला बसले की आरतीपर्यंत उठत नाहीत. त्यामुळे त्या वेळेत येणारं प्रत्येक काम दुसऱ्याच्या नावावर असायला हवं. सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो प्रसादाचा. प्रसाद यजमानीणबाईंनीच करायचा असेल तर तो सव्वादहाच्या आत करून झाकून ठेवावा लागेल. वहिनी किंवा मावशी करणार असतील तर त्यांनी पावणेअकराला सुरुवात केली तरी चालेल, पण तशी चालेल का ते गुरुजींना विचारा. दार उघडणं, चपला, समईत तेल घालणं, कापूर पेटवून आणणं, आरतीची ताटं फिरवणं, या सगळ्यांना एकेक नाव द्या. आणि गुरुजींनी आरतीपर्यंत काही खायचं नाही असं सांगितलं असेल, पण घरात कुणाला सकाळी गोळी घ्यायची असेल, तर तेही प्रश्नांत घाला. गुरुजी सहसा अडवत नाहीत, पण आदल्या दिवशी कळलेलं बरं.

सामानाची शेवटची यादी कुठून आणि कधी आणायचं यावरून लावा. सुपाऱ्या, हळकुंडं, खारीक, बदाम, कापूर, वाती, वस्त्रं हे टिकणारं, गुरुवारपर्यंत. केळीचे खुंट आणि डहाळे फुलवाल्याला दोन दिवस आधी सांगून ठेवावे लागतात, आयत्या वेळी मिळत नाहीत. विड्याची पानं, फुलं, हार, दूर्वा शुक्रवारी संध्याकाळी. दूध-दही शनिवारी सकाळी. मग पूजेच्या दिवशी तेच सामान पायरीनुसार ताटांत लावा: एका ताटात गणपती-कलशाचं, दुसऱ्यात विडे, तिसऱ्यात अभिषेकाचं, चौथ्यात फुलं-तुळस. गुरुजी "सुपारी" म्हणाले की हात तिथेच जायला हवा.

राहिले ते प्रश्न. ते तुकड्यातुकड्याने दिवसभर विचारू नका. गुरुजी एका पूजेतून दुसऱ्या पूजेत असतात, उत्तरं पुन्हा ऑडिओतच येतात आणि तुमचं लिहायचं काम दुप्पट होतं. सगळे एकत्र, क्रमांक घालून, "हो-नाही" किंवा एका आकड्यात उत्तर देता येईल असे पाठवा. उदाहरणार्थ:

"नमस्कार गुरुजी. यादी लावली आहे, थोड्या शंका आहेत. 1) नवग्रह आणि दिक्पालांच्या सुपाऱ्या तांदळावर की पानावर? 2) ओटी कुणाची आणि केव्हा? खण आणू का? 3) पुण्याहवाचन आहे का? 4) प्रसाद 625 ग्रॅमचा करतोय, दूधही सव्वाच का? संकल्पानंतर वहिनींनी केला तर चालेल का? 5) तुळस 108 वाहायची आहे. 6) साडेदहाची वेळ आमच्या गावच्या सूर्योदयाप्रमाणे आहे ना? 7) कथेला किती वेळ धरू? 8) उत्तरपूजा त्याच दिवशी की दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि तुम्ही येणार की आम्हीच करायची?"

आठवा प्रश्न बहुतेक ऑडिओंत नसतोच, कारण गुरुजी आरतीपर्यंतच सांगतात. उत्तरपूजेनंतर कलशाखालचे तांदूळ किंवा गहू, सुपाऱ्या, नारळ आणि निर्माल्य यांचं काय करायचं तेही त्याच उत्तरात विचारून घ्या. आणि उत्तरपूजा होईपर्यंत चौरंग हलवायचा नसतो, ही ओळ यादीत रविवारच्या सकाळी लिहून ठेवा. नाहीतर शनिवारी रात्री हॉल झाडायला घेतला की कुणीतरी तो उचलतंच.